तीच जाहिरात परत आलीये, माझा जुना अर्ज अजून चालू आहे का ते कसं विचारू?

रांजणगाव_क्वालिटी | ५ ऑगस्ट, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. जरा लांबलचक होईल, पण सगळं सांगितल्याशिवाय कळणार नाही.

मी सप्लायर क्वालिटीत आहे, साडेसहा वर्षं झाली, सध्या रांजणगाव एमआयडीसीत, नोटिस ६० दिवसांची. ३ जूनला चाकणच्या एका ऑटो पार्टवाल्या कंपनीत अप्लाय केलं, थेट त्यांच्या करिअर साइटवरून. १० तारखेला एचआरचा फोन आला, १८ ला ऑनलाइन टेक्निकल झाला आणि २७ जूनला प्लांटवर बोलावलं. तिथे मला लाइनवर फिरवलं, एका सप्लायरकडून आलेला प्रेस पार्ट हातात दिला, कडेला बर होता, आणि म्हणाले ही तक्रार तुमच्याकडे आली तर सप्लायरकडे गेल्यावर पहिलं काय बघाल. मी डाय शेवटची कधी घासली त्याचं रेकॉर्ड आणि पंच-डायमधला गॅप असं सांगितलं, मग त्यावरच अर्धा तास बोलणं झालं. चांगला गेला राउंड, खरंच. निघताना एचआर मॅडम म्हणाल्या दोन आठवड्यांत कळवतो.

दोन आठवडे गेले, १४ जुलैला मी मेल केला, एका ओळीचं उत्तर आलं की प्रोसेस सुरू आहे. नंतर काहीच नाही. आणि काल लिंक्डइन उघडलं तर तीच पोस्ट समोर, तेच डिपार्टमेंट, तेच चाकण, वर `Reposted` लिहिलेलं. त्यांच्या पोर्टलवर लॉगिन केलं तर माझ्या नावासमोर अजून `Under Consideration` दिसतंय.

आता याचा अर्थ काय घ्यायचा? अर्ज चालू आहे की बंद झाला? परत अप्लाय करू की आधी विचारू? आणि विचारलं तर फार मागे लागलीये असं वाटेल का? दोन दिवस डोक्यात हेच चाललंय.

---

सह्याद्री_रायडर | ५ ऑगस्ट, रात्री १०:१२

ताई, परत टाकली म्हणजे आधीच्यांपैकी कोणी पसंत पडलं नाही, सरळ आहे. ते अंडर कन्सिडरेशन वगैरे काही खरं नसतं, माझं एका ठिकाणी दीड वर्ष तसंच दिसत होतं. विचारत बसू नका, नवीन अर्ज टाका. आणि दुसऱ्या मेल आयडीवरून टाका, म्हणजे सिस्टीमला जुना अर्ज सापडत नाही आणि नवीन माणूस म्हणून पुढे जाता. मी दोनदा केलंय असं, एकदा कॉल आला होता.

---

परभणीचा_अभ्यासू | ५ ऑगस्ट, रात्री १०:५५

जाहिरातीच्या शेवटी बारीक अक्षरात बघा, तिथे लिहिलेलं असतं. आमच्या इथे एका भरतीचं शुद्धिपत्रक आलं, जागा वाढवल्या आणि मुदत वाढवली, तर त्यात स्पष्ट होतं की पूर्वी अर्ज केलेल्या उमेदवारांनी पुन्हा अर्ज करू नये. पण त्याच्या आधीची एक भरती पूर्ण रद्द होऊन नव्याने जाहिरात आली, तेव्हा सगळ्यांना परत फॉर्म आणि परत फी भरावी लागली. माझ्या मित्राला वाटलं जुना फॉर्म चालतोय, तो थांबला आणि तारीख गेली. जाहिरात क्रमांक तोच आहे की बदललाय ते आधी बघा.

---

रांजणगाव_क्वालिटी | ५ ऑगस्ट, रात्री ११:०३

@परभणीचा_अभ्यासू दादा, ही प्रायव्हेट कंपनी आहे हो, शुद्धिपत्रक वगैरे काही नाही. तरी धन्यवाद.

---

जुनी_पाटी | ६ ऑगस्ट, सकाळी ८:२०

मी पंधरा वर्षं भरतीच्या कामात आहे, त्यातली नऊ मॅन्युफॅक्चरिंगमध्ये. परभणीच्या दादांनी सरकारी भरतीचं सांगितलं पण मुद्दा अगदी नेमका पकडलाय: क्रमांक बघा. प्रायव्हेटमध्येही प्रत्येक जागेला नंबर असतो. खात्याने माणूस मागितला, फायनान्सने पैसे मंजूर केले की सिस्टीममध्ये एक रिक्विझिशन तयार होतं आणि तुमचा अर्ज त्या नंबराला चिकटतो. कंपनीला चिकटत नाही, पोस्टच्या नावाला तर नाहीच.

त्यामुळे तीच जाहिरात परत दिसली म्हणजे दोन अगदी वेगळ्या गोष्टी झालेल्या असू शकतात. एक, नंबर तोच आहे, फक्त जाहिरात खाली उतरवून परत वर टाकली. अर्ज कमी आले, बाहेरच्या साइटवरची मुदत संपली, किंवा लिंक्डइनने करिअर साइटवरून ती पोस्ट परत उचलली, अशी साधी कारणं असतात. यात तुमचा अर्ज जिथे होता तिथेच असतो, परत भरायला गेलात तर सिस्टीमच सांगते की तुम्ही आधीच अर्ज केलाय. दोन, नंबर नवीन आहे. म्हणजे जुनं रिक्विझिशन भरलं तरी किंवा रद्द तरी झालं, आणि नवीन मंजुरी घेऊन नवीन उघडलं. जुने अर्ज आपोआप इकडे येत नाहीत, आमच्यापैकी कोणीतरी बसून एकेक प्रोफाइल हलवावं लागतं. आणि ते दर वेळी होतं असं मी छातीठोक सांगणार नाही.

लिंक्डइनवरच्या तारखेवर आणि त्या `Reposted` वर जाऊ नका, त्यावरून या दोनातलं कुठलं ते कळत नाही. अर्ज केल्यावर जो ऑटोमेल आला असेल त्याच्या विषयात नंबर असेल. नवीन जाहिरात कंपनीच्या साइटवर उघडा, वरच्या लिंकच्या शेवटी नंबर असतो. दोन्ही इथे टाका.

@सह्याद्री_रायडर, दुसरा मेल आयडी कृपा करून कोणाला सांगू नका. मोबाइल नंबर, जन्मतारीख, आधीच्या कंपन्या यावरून सिस्टीम डुप्लिकेट पकडते, आणि ही तर प्लांटवर जाऊन आलेली मुलगी आहे, तीन माणसं तिला नावाने ओळखतात. त्यांच्यासमोर दुसऱ्या आयडीने तेच नाव आलं तर लपवाछपवी वाटते. क्वालिटीच्या जागेसाठी तर फारच वाईट दिसतं.

---

रांजणगाव_क्वालिटी | ६ ऑगस्ट, दुपारी १:३५

जेवणाच्या सुट्टीत बघितलं. जूनच्या मेलच्या विषयात `R-20418` आहे. आत्ताच्या लिंकच्या शेवटी `R-20977`. म्हणजे नवीन. जुनी लिंक उघडली तर पेज सापडत नाही म्हणतंय.

जूनची जाहिरात मी पीडीएफ करून ठेवली होती म्हणून शेजारी शेजारी लावून वाचली. जवळपास शब्द न् शब्द तोच आहे, दोन फरक सापडले. आधी अनुभव ५ ते ८ वर्षं होता, आता ४ ते ७. आणि सप्लायरकडे प्रवास आधी "गरजेनुसार" होता, आता "महिन्यात साधारण १० दिवस" असं लिहिलंय.

पण मग पोर्टलवर अजून अंडर कन्सिडरेशन का दाखवतंय? हे मला कळत नाहीये.

---

सह्याद्री_रायडर | ६ ऑगस्ट, दुपारी २:१०

बघा, मी म्हटलं ना नवीन अर्ज टाका, शेवटी तेच निघालं. मेल आयडीचं मागे घेतो, ते माझ्या डोक्यात नव्हतं की समोर भेटलेल्यांना लगेच कळेल.

---

जुनी_पाटी | ६ ऑगस्ट, रात्री ८:४५

रायडर, तुमचं अर्धं बरोबर आहे. नवीन नंबर असेल तर बहुतेक वेळा नवीन अर्ज लागतोच. पण ताईंच्या बाबतीत आधी विचारायचं आणि मग अर्ज, हा क्रम महत्त्वाचा आहे, का ते सांगते.

आधी स्टेटसचं. जागा बंद करताना उरलेल्या प्रत्येक उमेदवारासमोर कारण निवडून बंद करावं लागतं. काही कंपन्यांत ते एकदम होतं, काही ठिकाणी रिक्रूटरने स्वतः करायचं असतं. चाळीस जागा हातात असलेला माणूस ज्याला ऑफर गेली त्याचं पूर्ण करतो आणि बाकीचे तसेच राहतात. म्हणून बंद झालेल्या जागेवर महिनोन्महिने अंडर कन्सिडरेशन दिसत राहतं. त्यात कोणी फसवत नसतं, पण त्यावर भरवसाही ठेवायचा नाही. उलट "नो लाँगर" असं काही आलं असतं तर ते मात्र कोणीतरी हाताने केलेलं असण्याची शक्यता जास्त.

आता तुमची वेळ बघा. २७ जूनला शेवटचा राउंड, ४ ऑगस्टला नवीन नंबर. सव्वापाच-साडेपाच आठवडे. मला यात सगळ्यात जास्त वास येतो तो असा: दुसऱ्या कोणाला ऑफर दिली, त्याने स्वीकारली, जुनी जागा "भरली" म्हणून बंद केली, आणि नोटिस पिरियड चालू असताना त्याच्या कंपनीने पगार वाढवून त्याला थांबवलं. आपल्याकडे दोन-तीन महिन्यांची नोटिस असते, त्यात हे सर्रास होतं. मग मंजुरी नव्याने घ्यावी लागते आणि नंबर बदलतो. ते प्रवासाचे १० दिवसही बहुतेक त्यातूनच आले असावेत, आधीच्या माणसाला नंतर कळलं असेल की किती फिरावं लागतं. दुसरी शक्यता अशी की बँड खाली आणलाय, ५-८ चं ४-७ झालंय. बाहेरून यापेक्षा जास्त कोणाला कळणार नाही, म्हणून विचारायचं.

आणि विचारायचा हक्क कोणाला? ज्याने नुसता अर्ज टाकला आणि कधी फोनच आला नाही, त्याने विचारून काही उपयोग नाही. त्याने रिझ्युमे नीट करून नवीन नंबरावर सरळ अर्ज करावा. पण जो प्लांटपर्यंत जाऊन आला, त्याच्यावर तीन लोकांचा वेळ गेलाय, त्याचा फीडबॅक लिहिलेला आहे. त्याने न विचारता नवीन अर्ज टाकला तर तो परत पहिल्या चाळणीत पडतो, आणि चाळणीला बसलेली व्यक्ती कदाचित नवीन असते, तिला जूनचं काही माहीत नसतं. विचारलं तर जुना फीडबॅक सोबत जातो.

---

हिंजवडी_फेज३ | ६ ऑगस्ट, रात्री १०:३०

माझा याच्याशी थोडा वेगळा अनुभव आहे, कोणाला उपयोग झाला तर. माझं प्रोफाइल आधी एका कन्सल्टन्सीने पाठवलं होतं. तीन महिन्यांनी तीच पोझिशन परत दिसली, मी कंपनीच्या साइटवरून स्वतः भरली. इंटरव्ह्यू ठरला आणि आदल्या दिवशी रद्द. कारण कन्सल्टन्सी म्हणाली हा उमेदवार आमचा, आमच्याकडून येऊन सहा महिने झाले नाहीत, फी द्या. कंपनीने भानगड नको म्हणून माझंच नाव बाजूला केलं. कोणी आधी सांगितलंच नव्हतं की असा काही करार असतो. तेव्हापासून कोणी प्रोफाइल पाठवलं, कुठे, कधी, सगळं वहीत लिहून ठेवतो.

---

जुनी_पाटी | ६ ऑगस्ट, रात्री १०:४८

@हिंजवडी_फेज३ बरोबर, हे होतं. मुदत प्रत्येक करारात वेगळी असते, सहा महिने ते वर्ष. तुमच्यासारख्यांनी आधी कन्सल्टंटलाच फोन करायचा, थेट भरायचं नाही. ताईंचा अर्ज थेट गेलाय, त्यांना हा प्रश्न नाही.

---

रांजणगाव_क्वालिटी | ७ ऑगस्ट, सकाळी ७:१५

बसमध्ये बसून लिहिलाय, सांगा कसा वाटतो. मेल इंग्रजीतच जाईल, इथे मराठीत टाकते:

"नमस्कार मॅडम, आपण ठीक असाल अशी आशा आहे. २७ जूनच्या राउंडनंतर मी उत्तराची वाट बघत आहे. मला लिंक्डइनवर हीच पोझिशन परत पोस्ट झालेली दिसली, त्यामुळे माझी निवड झाली नाही का असा प्रश्न पडला. मला आपल्या कंपनीत काम करण्याची मनापासून इच्छा आहे. कृपया माझ्या अर्जाची स्थिती कळवावी आणि काही कमी पडलं असेल तर फीडबॅक द्यावा."

---

जुनी_पाटी | ७ ऑगस्ट, सकाळी ९:०५

भावना कळते, पण असा मेल मला आला तर मी "बघून सांगते" म्हणून बाजूला ठेवीन. यात तीन प्रश्न आहेत. स्थिती काय, निवड झाली नाही का, कमी काय पडलं. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला प्लांटच्या साहेबांना विचारावं लागेल, म्हणून अख्खा मेल अडकतो. आणि दोन्ही नंबर कुठेच नाहीत, मी शोधू कुठे?

असं करा. नवीन मेल लिहू नका, प्लांट राउंडचं बोलावणं ज्या मेलवर आलं होतं त्यालाच रिप्लाय करा, म्हणजे खाली सगळा इतिहास दिसतो. मजकूर एवढाच:

"नमस्कार मॅडम, मी R-20418 साठी १८ जूनला टेक्निकल आणि २७ जूनला प्लांट राउंड दिला होता. आता तीच जागा R-20977 या नंबराने दिसते आहे. माझा आधीचा अर्ज या जागेसाठी विचारात आहे का, की मी नवीन नंबरावर अर्ज करावा? नवीन जाहिरातीत महिन्यात १० दिवस प्रवास लिहिला आहे, तो मला चालेल. माझी नोटिस ६० दिवसांचीच आहे."

बस. "हा, घेतलंय" किंवा "नवीन भरा" एवढ्या दोन शब्दांत उत्तर देता आलं पाहिजे. प्रवासाचं वाक्य मुद्दाम घातलंय, जो बदल त्यांनी केलाय तो तुम्ही वाचलाय आणि तुम्हाला चालतोय हे कळतं. अर्थात खरंच चालत असेल तरच लिहा.

---

मावळ_प्लांट | ७ ऑगस्ट, दुपारी १२:४०

मी पलीकडच्या बाजूचा, तळेगावला एका प्लांटला क्वालिटी हेड आहे. आमच्याकडून काय होतं ते सांगतो. राउंड झाला की आम्ही फॉर्ममध्ये लिहितो, एक नंबर आणि दोन नंबर. एक नंबरला ऑफर गेली की आमच्या डोक्यातून विषय संपतो, दोन नंबरला एचआरने कळवलं असेल असं आम्ही धरून चालतो. तिकडे एचआरला वाटतं एक नंबर जॉइन होईपर्यंत दोन नंबरला नाही म्हणू नये. मधल्या मधे तो उमेदवार लटकतो. मागच्या वर्षी माझा एक नंबर आला नाही, मी दोन नंबरचं नाव सांगितलं तर कळलं त्याने केव्हाच दुसरीकडे जॉइन केलंय. त्याने एकदा विचारलं असतं तर बरं झालं असतं असं वाटलं, पण खरं तर आम्ही सांगायला हवं होतं.

त्यामुळे विचारायला अजिबात लाजू नका. फक्त एचआरला सोडून थेट मला मेल केला तर मला ते आवडत नाही, मी तो एचआरलाच पाठवतो.

---

सह्याद्री_रायडर | ७ ऑगस्ट, दुपारी १:२०

आणि उत्तरच नाही आलं तर? तोपर्यंत नवीन जागा भरून जायची.

---

जुनी_पाटी | ७ ऑगस्ट, दुपारी १:५०

बरोबर शंका आहे. नवीन जाहिरातीवर शेवटची तारीख असेल तर ती बघायची. नसेल तर कामाचे तीन-चार दिवस थांबायचं, मग एक फोन. फोन उचलला नाही तर नवीन नंबरावर अर्ज टाकायचा आणि त्याच मेलवर एक ओळ कळवायची की भरलाय. काही सिस्टीममध्ये "आधी इथे मुलाखत दिली आहे का" असा प्रश्न असतो, तिथे हो लिहायचं आणि जुना नंबर द्यायचा. तिसरा मेल करायचा नाही.

---

रांजणगाव_क्वालिटी | ७ ऑगस्ट, दुपारी २:०५

पाठवला. जसाच्या तसा. प्रवास चालेल, घरी काल रात्रीच बोलले.

---

रांजणगाव_क्वालिटी | १२ ऑगस्ट, रात्री ९:१०

अपडेट. शुक्रवार, सोमवार काही नाही. आज सकाळी फोन केला, उचलला नाही, पण अकरा वाजता त्यांचाच आला. @जुनी_पाटी तुम्ही म्हणालात तेच. ज्यांना ऑफर दिली होती ते जुलैच्या शेवटी नाही म्हणाले. जुना नंबर बंद झालाय, माझं स्टेटस तसंच राहून गेलं म्हणाल्या. नवीन नंबरावर अर्ज करा, टेक्निकल परत होणार नाही, जूनचा फीडबॅक आहे. मी लगेच भरला आणि मेलवर कळवलं.

पण त्या हेही म्हणाल्या की नवीन लोकांचेही इंटरव्ह्यू घेणार आहोत. आणि बोलता बोलता पगाराची अपेक्षा परत विचारली. जूनमध्ये सांगितलेला आकडाच सांगितला, तर "बरं, बघते" म्हणाल्या, आवाजावरून काही कळलं नाही. ते ४-७ मुळे बजेट कमी झालं असेल का? मी आकडा खाली आणायला हवा होता का?

---

मावळ_प्लांट | १२ ऑगस्ट, रात्री १०:०२

आकडा स्वतःहून खाली आणू नका. टेक्निकल परत घेत नाहीत म्हणजे प्लांटला तुम्ही हव्या आहात.

---

जुनी_पाटी | १२ ऑगस्ट, रात्री १०:२५

माझं इथे थोडं वेगळं मत आहे. टेक्निकल वगळणं चांगलंच आहे, पण बँड खरंच खाली आला असेल तर प्लांटला कितीही हव्या असल्या तरी वरची मर्यादा हलत नाही. आत्ता काही बोलू नका, पण पुढचा फोन आला की जागेचा बँड जूनचाच आहे का एवढं सरळ विचारा. ४-७ मध्ये तुमची साडेसहा वर्षं वरच्या टोकाला बसतात, ५-८ मध्ये मधोमध बसत होती.

---

परभणीचा_अभ्यासू | १३ ऑगस्ट, सकाळी ६:५०

ताई, पोर्टलवर आता दोन्ही नंबर दिसतात का?

---

रांजणगाव_क्वालिटी | १३ ऑगस्ट, सकाळी ७:२०

हो दादा, दोन ओळी दिसतात. R-20977 समोर `Application Received`, आणि R-20418 समोर अजूनही तेच `Under Consideration`. उद्या दुपारी साडेचारला प्लांट हेडचा कॉल ठरलाय, अर्धा तास. बँडचं विचारते आणि इथे लिहिते.